स्लाइड शोवरून वर्धापनदिनाचे भाषण

प्रश्न: आमची शाळा रयत शिक्षण संस्थेची आहे. संस्थेच्या स्थापनेपासूनच्या टप्प्यांच्या ३० स्लाइड तयार आहेत. त्यांवरून सात मिनिटांचे मनाला भिडणारे भाषण कसे करावे?

उत्तर: सात मिनिटांत साधारण सातशे शब्द सावकाश बोलता येतात, म्हणून भाषणासाठी तीनच स्लाइड निवडा आणि उरलेल्या कार्यक्रमापूर्वी पडद्यावर फिरू द्या. निवडीची कसोटी एकच असावी: त्या टप्प्यावर कोणी काय सोडले, हे सांगता येते का?

उदाहरणार्थ, ‘१९१९, काले येथे स्थापना’ आणि ‘१९२४, साताऱ्यात वसतिगृह’ या दोन ओळी नुसत्या वाचल्या, तर सभागृह त्या ऐकून विसरते. त्याऐवजी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, या प्रसंगापासून सुरुवात करा आणि वर्ष त्यानंतर सांगा. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एकाच पंगतीत जेवत, हे त्या काळात किती अवघड होते, तेही इथेच सांगावे. मात्र लक्ष्मीबाईंच्या तोंडी कल्पित संवाद घालू नका. श्रद्धांजलीत तो खोटेपणा मला खटकतो.

दुसरी स्लाइड तुमच्या शाळेच्या पहिल्या वर्गाची आणि तिसरी आजच्या एखाद्या विद्यार्थ्याची असावी. प्रसंग सांगताना पॉवरपॉइंटमध्ये B कळ दाबून पडदा काळा करा, म्हणजे श्रोते वाचत न बसता तुमच्याकडे पाहतील.