मुलाखतीत उत्तराआधी थांबलं तर?

‘मॅडम, अवघड प्रश्नावर विचार करायला थांबले तर पॅनेलला वाटेल, हिची तयारीच नाही. म्हणून मी लगेच बोलायला लागते आणि भरकटते.’

राज्यसेवेच्या मुलाखती जवळ आल्या की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. हे शब्द लातूरकडच्या एका मुलीचे. तिला मी सरावाचा प्रश्न टाकला, ‘तहसीलदार म्हणून तुम्ही वाळूचा अवैध ट्रक पकडलाय. तेवढ्यात आमदारांचा फोन येतो, गाडी सोडा. काय कराल?’

‘सर, म्हणजे, वाळू ही एक महत्त्वाची नैसर्गिक संपत्ती आहे...’

मी थांबवलं. ‘घाई कोणाला आहे?’

‘उत्तर लगेच आलंच पाहिजे ना!’

मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे भीतीमागचा ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्टी विचार तपासून काम करते, त्यामुळे मला आधी हा हट्टच तपासायचा होता. तिची भीती अगदीच निराधार नव्हती. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. २००९ साली दहा भाषांच्या अभ्यासात हेच दिसलं. त्या सवयीमुळे सेकंदभराची शांतताही खटकते. पण खटकते ती कारण न कळलेली शांतता. म्हणून आधी कारण सांगायचं, ‘थोडा विचार करून सांगते, सर,’ आणि मग खरोखर गप्प बसायचं. ‘अं... म्हणजे...’ नको. नजर टेबलाकडे गेली तरी चालेल, विचार करताना ती जातेच.

पुढच्या वेळी ती तशी थांबली. ‘फार वेळ गेला, दहा सेकंद तरी!’ मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. चार सेकंद. ती बघतच राहिली.

तरी उत्तर विस्कळीतच आलं, कारण त्या चार सेकंदांत ती सगळं उत्तर रचायला बघत होती. खरी गाठ मला इथे सापडली. समोरचे लोक शांतता मोजत नाहीत, तिच्यानंतरचं पहिलं वाक्य ऐकतात. ते पसरट असेल तर थांबणं म्हणजे गोंधळ, ते ठाम असेल तर तेच थांबणं म्हणजे विचार. मी सांगितलं, ‘थांबून फक्त निर्णय ठरव. कारणं बोलता बोलता येतील.’

त्यानंतरचं तिचं उत्तर होतं, ‘गाडी सोडणार नाही, सर. आमदारांचं म्हणणं आदराने ऐकून घेईन, पण पंचनामा आणि जप्ती जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणेच होईल.’ हे ऐकून मला मनापासून समाधान वाटलं.

एक पथ्य मात्र पाळा. ‘थोडा विचार करून सांगते’ हे वाक्य मुलाखतीत एकदा, फार तर दोनदा. आपला जिल्हा, आपली पदवी, आपला छंद यांवर थांबलात तर तयारी कच्चीच दिसेल. आणि एखाद्या योजनेचं साल माहीतच नसेल, तर थांबून ते आठवणार नाही. तिथे सरळ ‘माहीत नाही, सर’ म्हणा.