पैठणी घेऊन दिल्लीला निघालीस, तर पोस्टचं असं कर

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारायलीस की काका, दिल्लीच्या ट्रेड फेअरला पैठणचा माल घेऊन चाललेय, मोबाईलवर रोज काय टाकू. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय.

आधी एक समजून घे. भारत मंडपमचा तो मेळा १४ ते २७ नोव्हेंबर असतो आणि त्याचे पहिले काही दिवस व्यापाऱ्यांसाठी ठेवतात, बाकीचे दिवस सगळ्यांना खुले. म्हणजे तुझ्याकडं दोन वेगळी माणसं येणार, एक बुटीकवाली जिला महिन्याला किती स्टोल देशील ते हवंय आणि एक घरातली बाई जिला मुलीच्या लग्नासाठी एकच पैठणी हवीय, आणि दोघींना एकच पोस्ट टाकलीस तर ती कोणालाच लागू पडत नाही. बहुतेकांचं इथंच बिघडतं, नुसतं 'आमच्या स्टॉलला भेट द्या' आणि गणपतीचा फोटो.

जायच्या आधी दोन-तीन आठवडे सुरुवात कर. स्टॉल नंबर बऱ्याचदा शेवटी शेवटी कळतो, त्याची वाट बघत बसू नको, आधी तारखा आणि 'महाराष्ट्राचं दालन' एवढंच टाक, नंबर आला की त्याच पोस्टमध्ये भर. व्यापाऱ्यांसाठी वेगळी पोस्ट, ती हिंदीत, त्यात स्टोलची लांबी-रुंदी, महिन्याला किती होतात, किमान किती घ्यावे लागतील आणि ऑर्डरनंतर किती दिवसांत मिळतील हे लिही. जेवढं मागावर खरंच निघतं तेवढंच लिही बरं का, साडी विणायला महिना लागतो तिथं पंधरा दिवस लिहिलंस तर पुढं सगळं तुझ्याच गळ्यात.

फोटोचं जरा जास्त सांगतो. फ्लॅश मारला की जरीची तार पांढरी फटक दिसते आणि रेशमाचा रंग मरतो, म्हणून सकाळी दारात, सावलीत काढ, शेजारी पांढरा रुमाल ठेव म्हणजे रंग कुठं सरकलाय ते लगेच कळतं, फिल्टर अजिबात नको. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव दिसते, ती एका फोटोत येतच नाही, दोन बाजूंनी दोन फोटो टाक, नाहीतर गिऱ्हाईक स्टॉलवर येऊन म्हणतं हा रंग तो नाही. आणि पदराची मागची बाजू नक्की दाखव. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया पुढून-मागून सारखेच दिसतात, मशीनवरच्या मालात मागं सुटे धागे लोंबतात. ही एक पोस्ट दहा जाहिरातींचं काम करते, कारण किमतीचं उत्तर त्यातच असतं.

मेळ्यात तुला लिहायला वेळ मिळणार नाही, हॉलमध्ये गर्दीत नेटही धड चालत नाही. म्हणून मजकूर घरूनच तयार करून ने आणि सकाळी हॉल उघडायच्या आधी टाक. समज जांभळ्या धूपछाँवचे तीनच स्टोल उरले, तर स्टेटसला लिही, 'जांभळा स्टोल, आता तीनच आहेत, महाराष्ट्र दालन, स्टॉल अमुक', आणि विकले की संध्याकाळी 'संपले, ऑर्डर घेतोय' टाक. विकलेल्या मालाचा फोटो तसाच राहिला की लोक त्याच्यासाठी येतात आणि नाराज होऊन जातात. गिऱ्हाइकाचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नको.

आता खरं महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट केलेला मेसेज ज्याच्याकडं तुझा नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो. नुसतं व्हिजिटिंग कार्ड दिलंस आणि त्यांचा नंबर लिहून घेतलास तर नंतर तू पाठवत राहशील आणि तिकडं काहीच जाणार नाही, तुला कळणारही नाही. म्हणून स्टॉलवरच म्हण, 'ताई, माझा नंबर सेव्ह करा आणि मला एक हाय पाठवा', आणि तिथंच बिझनेस अ‍ॅपमध्ये लेबल लाव, 'दिल्ली दुकान' किंवा 'दिल्ली घर'. रात्री खोलीवर गेल्यावर प्रत्येकीच्या नावापुढं तिनं कुठल्या कापडाला हात लावला ते टीप.

परत आलीस की दोन दिवसांत दुकानवाल्यांना एकेकाला मेसेज कर, सगळ्यांना एकच नको. 'तुम्ही हिरवा मुनिया काठाचा स्टोल बघितला होता, त्याचा हा फोटो, दहा नग घेतले तर हा भाव, अर्धे पैसे आधी.' उत्तर नाही आलं तर आठवड्यानं एकदाच विचार, मग सोड. घरच्या गिऱ्हाइकांना आधी माल विकू नको, आधी पैठणी कशी जपायची ते पाठव, सुती कापडात गुंडाळा, घडी मधूनमधून बदला, परफ्यूम थेट जरीवर मारू नका. उरलेल्या मालाची पोस्ट त्यानंतर.

मजकूर तयार झाला की मला पाठव, हिंदी बघून देतो. स्टॉल नंबर आला की कळव.

तुझा काका