वयावरून मुलांचा डोस का काढू नये?

«जुन्या फार्मसीच्या पुस्तकात यंगचा नियम आहे: वय भागिले वय अधिक १२, गुणिले मोठ्यांचा डोस. सोपा आहे, मग आता कोणी वापरत का नाही? वजनावरून काढला की तो अचूकच होतो का?»

मुलांच्या वॉर्डात औषधं तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे पॅरासिटामॉलवरूनच सांगतो. मोठ्यांचा डोस १००० मिलिग्रॅम धरा. चार वर्षांच्या मुलासाठी यंगचा नियम सांगतो ४ भागिले १६, म्हणजे २५० मिलिग्रॅम. आता चार वर्षांची दोन मुलं समोर आणा. एक १२ किलोचं, अशक्त; दुसरं २२ किलोचं. पहिल्याला किलोमागे जवळपास २१ मिलिग्रॅम पडले, दुसऱ्याला ११. एका वेळचा नेहमीचा डोस किलोमागे १० ते १५ असतो. म्हणजे अशक्त मुलालाच जास्त औषध गेलं, आणि दिवसातून चार वेळा दिलं तर ते किलोमागे ८३ पर्यंत पोचतं. अशा मुलाच्या यकृताला ते पेलण्याची ताकद मुळातच कमी असते.

तान्ह्या बाळाकडे गेलात तर नियम उलट्या बाजूला कोसळतो. तीन महिने म्हणजे पाव वर्ष, ०.२५ भागिले १२.२५, हाती येतात २० मिलिग्रॅम. सहा किलोच्या बाळाला हे किलोमागे साडेतीनही नाही. ताप तसाच राहतो आणि आईबाप घाबरून पुन्हा पुन्हा डोस देत बसतात. तान्ह्यांसाठी म्हणून महिन्यांना १५० ने भागणारा फ्राइडचा वेगळा नियम काढावा लागला, यातच यंगच्या नियमाची कमजोरी दिसते. क्लार्कने वजन आणलं, पौंडांत, भागिले १५०. सुधारणा खरीच, पण मूल म्हणजे छोटा मोठा माणूस हे गृहीतक तसंच राहिलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. औषध शरीराबाहेर काढण्याचा वेग वजनाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. तो साधारण वजनाच्या ०.७५ व्या घाताप्रमाणे चालतो:

```
(16 / 70)^0.75 = 0.33
```

१६ किलोच्या मुलाचं वजन ७० किलोच्या माणसाच्या २३ टक्के, पण औषध काढून टाकण्याची क्षमता ३३ टक्के. म्हणून शाळेत जायच्या आधीच्या वयात कित्येक औषधं किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त द्यावी लागतात. मोठ्यांचा किलोमागचा डोस तसाच उचलला तर ती कमी पडतात.

नवजात बाळाला मात्र हे सूत्रही एकटं पुरत नाही. आकाराचा हिशेब जमला तरी यकृतातली एन्झाइम आणि मूत्रपिंडं अजून तयार झालेली नसतात. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साधारण वर्षभराने मोठ्यांच्या जवळ येते. १९५० च्या दशकात नवजातांना क्लोरॅम्फेनिकॉल किलोमागे दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त दिलं जाई. बाळं राखाडी पडली, पोट फुगलं, रक्तदाब कोसळला आणि कित्येक दगावली. १९५९ मध्ये यावरचा अहवाल आला आणि ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव पक्कं झालं. वजन बरोबर मोजलेलं होतं. पण औषधाला ग्लुकुरोनाइड जोडून ते बाहेर टाकणारं एन्झाइम कच्चं होतं, म्हणून ते रक्तात साठत गेलं. नवजातांचा डोस आता दिवसाला किलोमागे २५ धरतात, तोही रक्तातली पातळी बघून.

म्हणजे वयाच्या नियमांची जागा एका नव्या सूत्राने घेतली नाही. प्रत्येक औषधाचा डोस त्या-त्या वयोगटात तपासून ठरवला जातो आणि वजनावर मांडला जातो. केमोथेरपीत शरीराच्या पृष्ठफळावरही मांडतात. अमेरिकेत २००३ च्या आणि युरोपात २००७ पासून लागू झालेल्या कायद्याने कंपन्यांना मुलांवरच्या अभ्यासाची जबाबदारी घ्यावी लागली. तरी नवजातांसाठीची बरीच औषधं अजूनही परवान्याबाहेर वापरली जातात.

प्रत्यक्षात चूक गुणाकारात कमी आणि युनिटमध्ये जास्त होते. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचे आहेत. ५ मिलिलिटरमध्ये १२० असलेल्या सिरपचे ते साडेसात मिलिलिटर होतात. पण मिलिलिटरमध्ये १०० असलेले थेंब असतील तर फक्त १.८. तेच साडेसात मिलिलिटर थेंबांच्या बाटलीतून गेले तर ७५० मिलिग्रॅम. म्हणून मी मिलिलिटर कधीच तोंडी सांगत नाही. बाटलीवरची मात्रा वाचायला लावतो आणि मगच सिरिंजवर खूण करून देतो.

दोन गोष्टी आणखी बघाव्या लागतात. पुस्तकातला आकडा एका डोसचा आहे की पूर्ण दिवसाचा, हे आधी पाहायचं; दिवसाचा आकडा एका वेळी दिला तर तीन-चार पट जातो. दुसरं, वरची मर्यादा. ८० किलोच्या किशोराला किलोमागे १५ ने १२०० मिलिग्रॅम येतात, तिथे हिशेब थांबवून १००० च द्यायचे.