आलेले डॉलर लगेच विकू नकोस

मशीद बंदरच्या तुझ्या पेढीचा हिशोब पाहिला. जूनच्या १० तारखेला निर्यातीचे ३०,००० डॉलर आले, ते तू त्याच दिवशी रुपयांत बदललेस. जुलैत पुरवठादाराला ५०,००० डॉलर द्यायचे, तेव्हा सगळे नव्याने विकत घेणार. विकताना बँकेचा भाव कमी, घेताना जास्त. दोन्हींत ४० पैशांचा फरक धरला तरी ३०,००० डॉलरवर १२,००० रुपये गेले, वर मधल्या काळात डॉलर चढला तर तो फटका वेगळाच.

बँकेत ईईएफसी खातं, म्हणजे निर्यातीचं परकीय चलन तसंच ठेवायचं खातं, उघड. आलेले डॉलर तिथेच ठेव आणि त्यातूनच बिल भाग. मग जोखीम उरते फक्त २०,००० डॉलरची. तेवढ्यापुरतंच फॉरवर्ड बुक कर, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव बँकेकडे आजच ठरवून ठेव. (व्याज मिळत नाही, त्यामुळे रोकडीची ओढाताण असेल तर विचार कर.)

खरी गोची तारखांची. जूनमध्ये आलेले डॉलर साधारणपणे जुलैअखेरपर्यंतच ठेवता येतात, पुढे रुपये करावे लागतात. बिल ५ ऑगस्टचं असेल तर पाच दिवसांसाठी आवक आणि बिलाची जोडी फुटू शकते. माझी एकदा फुटली होती. तेव्हापासून मी ऑर्डर देतानाच पुरवठादाराकडून महिनाअखेरच्या आधीची तारीख मागून घेतो. आणि हो, युरोची आवक डॉलरच्या बिलासमोर मांडू नकोस.