नऊ टक्के वाचवायचे की पत्रा वाचवायचा?

*प्रश्न: वर्कशॉपच्या पत्र्याच्या छतावर २० किलोवॅटचं सोलर बसवतोय. छत ७ वर्षांचं आहे, पत्र्यावर २० वर्षांची वॉरंटी आहे. पहिला ठेकेदार रेल सरळ पत्र्यावर स्क्रूने बसवणार. दुसरा पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांत, म्हणजे पर्लिनमध्ये, बोल्ट घालणार, पण तो ९ टक्के महाग आहे. दोघंही म्हणतात, गळणार नाही. स्वस्त कोटेशन घेतलं तर काय बिघडलं?*

तुम्ही वॉरंटी धरून विचार करताय, तर आधी त्या कागदाची किंमत काढू. पत्र्याची वॉरंटी बहुतेक वेळा दोन तुकड्यांत असते: रंग आणि लेपाबद्दल पत्रा बनवणाऱ्याची, आणि गळतीबद्दल छत बसवणाऱ्याची. दुसरी सहसा थोड्याच वर्षांची असते, त्यामुळे तुमची कदाचित संपलीही असेल. पहिली बऱ्याचदा दरवर्षी घटत जाते. अशा वॉरंटीत १३व्या वर्षी तक्रार केलीत, तर पत्र्याच्या किमतीचा साधारण एक तृतीयांश भाग हाती येतो. मजुरी नाही, खाली भिजलेलं यंत्र नाही, आणि वरचं सोलर उतरवून पुन्हा चढवायचा खर्च तर नाहीच नाही. सोलरवाले जी २५ वर्षांची वॉरंटी सांगतात ती पॅनेलच्या वीजनिर्मितीची. तिचा गळतीशी काही संबंध नाही.

म्हणजे ९ टक्के जास्त देऊन विकत घ्यायचं ते कोरडं छत. कागद सोबत आला तर उत्तमच.

आता वजन. तुमच्या मापाला ५५० वॅटचे ३६ पॅनेल लागतील. एकेक साधारण २८ किलोचा, रेल धरून सगळं मिळून १,२०० किलोच्या आसपास. ९०-९५ चौरस मीटरवर पसरलं तर चौरस मीटरला १३ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा स्वतः चौरस मीटरला चार-पाच किलोचा असतो, म्हणजे छतावर त्याच्या तिपटीहून थोडं कमी ओझं कायमचं वाढतं. पर्लिन त्यासाठी पुरेशा आहेत का, हे एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. प्रकल्पाच्या मानाने त्याची फी किरकोळ असते. रेलचे पाय एकाच ओळीत आले तर दोन-तीन पर्लिनच सगळा भार उचलतात, म्हणून ते एकाआड एक पर्लिनवर सरकवून घ्यायला सांगा.

पण खरी भीती खाली दाबणाऱ्या वजनाची नाही, वर ओढणाऱ्या वाऱ्याची आहे. सेकंदाला ४५ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १२० किलो भरतो. पॅनेलवर तो सगळाच्या सगळा वर ओढत नाही, पण छताच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ सर्वांत जास्त असते. १३ किलोचं वजन तिथे काय धरून ठेवणार? धरतात ते स्क्रू. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात स्क्रूला धरायला आटे जवळपास मिळतच नाहीत, दीड-दोन मिलिमीटरच्या पर्लिनमध्ये ते मिळतात. वारा वर्षानुवर्षं हलवत राहिला की पत्र्यातलं छिद्र अंडाकृती होतं, वॉशर सैल पडतो आणि पाणी वाट काढतं. म्हणून गळती पहिल्या पावसात न दिसता दोन-तीन वर्षांनी दिसते, तोवर ठेकेदाराचं शेवटचं बिलही भागलेलं असतं. (खास पत्र्यासाठी बनवलेल्या आखूड रेल असतात. त्या ओढ अनेक स्क्रूंवर वाटतात आणि खाली सीलिंग पट्टीसह येतात, तो योग्य मार्ग आहे. पहिला ठेकेदार तेच वापरतो का, आणि पत्र्याच्या जाडीनुसार केलेलं त्यांचं गणित दाखवतो का, हे विचारा. दाखवलं तर माझं मत बदलेल.)

आता पैसे. स्वस्त कोटेशन १०० धरा, महाग १०९. वीजबिलाची बचत वर्षाला २० होईल असं गृहीत धरू. चुकलं तर काय लागतं? गंजलेल्या भागाचे पत्रे बदलायला ३०, पॅनेल उतरवून पुन्हा बसवायला १२, आणि मधले दोन महिने सोलरची वीज बंद, म्हणजे ३. एकूण ४५. हे माझे ढोबळ आकडे आहेत, तुम्ही तुमच्या कोटेशनमधले घाला. आज वाचवलेले ९ तुम्ही ८ टक्क्यांनी गुंतवलेत, तर सहा वर्षांत ते १४ होतात. म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास असं नुकसान होण्याची शक्यता तीनात एकाहून कमी वाटत असेल, तर निव्वळ गणितात स्वस्त कोटेशन जिंकतं.

मी हे लपवत नाही, कारण सामना जवळपास बरोबरीचा आहे. पारडं झुकतं ते ४५ मध्ये न मोजलेल्या गोष्टींनी: छताखालची यंत्रं, कामाचे बुडालेले दिवस, आणि वाऱ्याने पॅनेल उडालं तर शेजाऱ्याचं नुकसान. शिवाय गळती एकाच छिद्रातून झाली तरी ते छिद्र पॅनेलखाली असतं. पाणी पर्लिनवरून वाहत भलतीकडेच टपकतं, म्हणून शोधायलाही पॅनेल उतरवावे लागतात. माझं मत दुसऱ्या कोटेशनचं, पण आहे तसं मान्य करू नका.

छिद्र नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर हवं, पाणी वाहतं त्या पन्हळीत नाही. वॉशर ईपीडीएम रबराचा, आणि तो चपटा होऊन बाहेर येईपर्यंत आवळायचा नाही. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्ल सोडतं आणि जस्ताचा लेप खातं, म्हणून न्यूट्रल प्रकारचंच मागा. ड्रिलचा लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढायचा, कारण एका पावसात त्याचे गंजाचे डाग पडतात आणि पत्रा कंपनीला वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. रेल सलग नको: अॅल्युमिनिअमची १० मीटरची रेल तापमानाच्या ५० अंशांच्या फरकात साडेअकरा मिलिमीटर वाढते, पोलादी पत्रा त्याच्या निम्मा. हा फरक स्क्रूलाच सोसावा लागतो, म्हणून मध्ये सांधे हवेत.

सही करण्यापूर्वी बसवण्याचा आराखडा पत्रा कंपनीला पाठवा आणि वॉरंटी कायम राहील असं लेखी घ्या. 'चालेल' असं फोनवर सांगितलेलं धरू नका. छताची आतली बाजूही आधी तारखेसह फोटोत घ्या. पाऊस नसताना पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नसून दव आहे, त्यावरून पुढे वाद होतो. विमा कंपनीलाही नव्या भाराची कल्पना द्या.

पैसे देण्याची अट बदलून घ्या: १० टक्के रक्कम पहिला पूर्ण पावसाळा कोरडा गेल्यावर, आणि त्याने केलेल्या छिद्रांमधल्या गळतीची ५ वर्षांची लेखी जबाबदारी, पॅनेल उतरवण्याच्या खर्चासह. दुसरा ठेकेदार हे मान्य करत नसेल, तर त्याचे जास्तीचे ९ टक्के कशासाठी आहेत ते त्यालाच विचारा. आणि पहिला हे सगळं १०३ मध्ये करून देत असेल, तर काम त्याला द्या.