आढाव्याची मीटिंग लावताना निरोप कसा लिहावा

तू आता पहिल्यांदाच टीमचे आढावे घेणार आहेस, म्हणून निरोपाबद्दल सांगतो. ‘जरा बोलायचंय’ एवढंच लिहून सोडू नकोस. मी एकदा टीममधल्या एका मुलीला शुक्रवारी संध्याकाळी असंच पाठवलं होतं. सोमवारी ती मुलगी रात्रभर न झोपता आली, नोकरी जाणार असंच धरून. विषय होता फक्त सहामाही आढावा.

माणूस घाबरतो तो निरोपातल्या रिकाम्या जागेमुळे. म्हणून असं लिही: ‘सहामाही आढाव्यासाठी बुधवारी 11 वाजता 45 मिनिटं बसूया. आपण दोघंच असू. मागच्या सहा महिन्यांतली कामं आणि पुढची उद्दिष्टं यावर बोलू. वेळ जमत नसेल तर सांग.’ एचआरचं कुणी येणार असेल तर तेही आधीच लिही; आयत्या वेळी तिसरा चेहरा दिसला की विश्वासच उडतो.

कॅलेंडरवरचं शीर्षक इतरांनाही दिसू शकतं, तेव्हा तिथे ‘कामगिरीतील त्रुटी’ नको, ‘सहामाही आढावा’ पुरे. मात्र शेरा खरंच कडक असेल तर ‘सहज गप्पा’ म्हणून बोलावू नकोस. ‘दोन प्रकल्पांच्या मुदतींबद्दलही बोलू’ असं साधं वाक्य घाल, म्हणजे समोरचा तयारीने येईल.