ग्रुपमध्ये आहेसच, पण अभ्यासक म्हणून अजून आत आलेली नाहीस

प्रश्न : मी बडोद्यात समाजशास्त्रात एम.ए. करते. धाकट्या भावाला टाइप-१ मधुमेह आहे, म्हणून वर्षभरापासून अशा मुलांच्या पालकांच्या एका बंद फेसबुक ग्रुपमध्ये आहे. प्रबंध त्यावरच करायचाय. सांगितलं तर लोक मोकळेपणाने लिहिणार नाहीत. न सांगता केलं तर चालेल का? आणि पुढे या कामाला नोकरी आहे का?
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : नाही, न सांगता करू नकोस. त्या आया तिथे बहिणीशी बोलल्या, संशोधकाशी नाही. त्यामुळे गेल्या वर्षभरातल्या पोस्ट प्रबंधात घेऊ नकोस. घ्यायच्याच असतील तर लिहिणाऱ्या प्रत्येकीला विचारून घे.

आधी गाइडशी बोलून विभागाची परवानगी काढ. मग ॲडमिनला विचार. त्यांचा होकार म्हणजे सगळ्यांचा होकार नव्हे, म्हणून ग्रुपवर स्वतः लिही : मी कोण, काय टिपणार, नको असेल तर कसं कळवायचं. महिन्यातून एकदा ते पुन्हा टाक, कारण नवे पालक येतच राहतात. पहिले काही दिवस ग्रुप थोडा गप्प होईल. ती शांतताही टिपून ठेव. तू आधीपासून ओळखीची आहेस, बोलणं बहुधा पुन्हा सुरू होईल.

टिपण म्हणजे स्क्रीनशॉट नव्हे. समज, रात्री पावणेबाराला एक आई लिहिते, "साखर ६२ आली, झोपलाय, उठवू का?" पोस्ट आणि उत्तरं ही झाली नोंद. तुझं टिपण वेगळं : पहिलं उत्तर एका जुन्या आईचं, तेही दोन मिनिटांत. "उठवा, रस द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा." रात्री का जागे राहिला नाहीत, असं कुणी विचारलं नाही. मलाही उत्तर द्यावंसं वाटलं, भावाची ती रात्र आठवली. हे त्याच रात्री लिहून काढ. आठवड्याने आठवेल ते मजकुराचं सार असेल, तुझं पाहणं त्यात नसेल. तू उत्तर दिलंस तर तेही नोंदीत धर.

नाव बदलून भागत नाही. बंद ग्रुपमधलं वाक्य गूगलवर सापडणार नाही, पण ग्रुपच्याच सर्चमध्ये चार शब्द टाकले की ती आई समोर येते. म्हणून वाक्य जसंच्या तसं उचलू नकोस, आशय तुझ्या शब्दांत मांड. शाळा, इन्सुलिन पंप, गाव हे तपशील एकत्र आले की मूल ओळखू येतं. आणि त्या मुलाला तर कुणी विचारलेलंच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. एक मर्यादाही प्रबंधात लिही : लिहिणारे थोडे, नुसतं वाचणारे बरेच. त्या गप्प पालकांबद्दल तुला काही कळणार नाही, त्यासाठी मुलाखतीच घ्याव्या लागतील.

नोकरीचं म्हणशील तर ग्राहक-संशोधन, ॲप बनवणाऱ्या कंपन्यांतलं यूजर रिसर्च आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, इथे हे कौशल्य लागतं. अर्ज करताना नाव-गाव काढलेलं टिपणाचं एक पान आणि ग्रुपवर टाकलेली तुझी परवानगीची पोस्ट, दोन्ही सोबत ठेव.